‘णी’ बुजेल का? बारीक रेघेचं डिझाइन तपासताना

गोव्यात टॅटू शिकायला येणाऱ्या मुलामुलींची एक अडचण असते आणि ती लवकर लक्षात येत नाही. कळंगुट-हणजूण पट्ट्यातलं बहुतेक गिऱ्हाईक पर्यटक. टॅटू काढतात, फोटो काढतात आणि दोन दिवसांत विमान पकडतात. आपण केलेली रेघ तीन वर्षांनी कशी दिसते, हे आपल्याला कधी बघायलाच मिळत नाही. भिंतीवर लावलेले आणि मोबाइलवर फिरणारे सगळे फोटो त्याच दिवशीचे असतात आणि ताजी रेघ तर कोणाचीही सुंदरच दिसते.

मी सावंतवाडीची. म्हापशाला काम करायला लागले तेव्हा डिचोली, साखळी, पेडण्याची गिऱ्हाइकं यायची. हे लोक इथलेच, त्यामुळे परत भेटतात. शुक्रवारच्या बाजारात भेटतात, बहिणीला घेऊन येतात, हात पुढे करून दाखवतात. डिझाइन पारखायला मी शिकले ती या जुन्या हातांवरून. नवीन मुलांना पहिली गोष्ट मी हीच सांगते की जिथे शिकायला जाल तिथे बऱ्या झालेल्या, जुन्या कामाचे फोटो मागा. नसतील तर ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने टॅटू बघा, पट्टी लावून मोजा. आजीच्या वयाच्या बायकांच्या हातावरचं गोंदण तर आवर्जून बघा. रेघा जाड आणि हिरवट-निळ्या झालेल्या असतात, पण तुळस तुळसच दिसते, कारण गोंदणारीने ठिपक्यांमध्ये भरपूर जागा सोडलेली असते.

रेघ का रुंदावते, ते थोडक्यात. शाई कातडीच्या वरच्या थरात टिकत नाही, तो थर सतत झडत असतो. ती त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते. तिथे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ती गिळतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मरते तेव्हा शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू वर्षानुवर्षं जागेवर दिसत असला तरी आत शाईची देवघेव चालूच असते. त्यात कातडीचं ताणणं, वय आणि ऊन यांची भर पडते. रेघेची कड मऊ होत जाते.

आमच्या कामात एक ढोबळ हिशेब वापरतात: दहाएक वर्षांत रेघ दुप्पट रुंद होईल असं धरून चालायचं. हा नियम नव्हे, सावधगिरीचा अंदाज आहे. कोणाची कमी पसरते, कोणाची जास्त. पण डिझाइन पारखायला तो पुरतो, कारण त्यातून मोकळ्या जागेचा हिशेब निघतो आणि खरी गोम तिथेच आहे. नवीन माणूस रेघ किती बारीक आहे ते बघतो. बघायला हवं ते दोन रेघांमधलं अंतर.

समजा रेघ ०.५ मिमी आहे. दुप्पट झाली की १ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर वाढली. शेजारची रेघही तिच्याकडे पाव मिलिमीटर सरकली. मधल्या जागेतून एकूण ०.५ मिमी गेलं, म्हणजे मूळ रेघेच्या रुंदीइतकं. आता उरलेली मोकळी जागा निदान जाड झालेल्या रेघेइतकी, १ मिमी, असली तर डोळ्याला दोन रेघा वेगळ्या दिसतात. म्हणून आज मधे दीड मिलिमीटर हवं. रेघेच्या तिप्पट अंतर, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी डिझाइनं बघताक्षणी पारखता येतात.

आता एक खरं काम घेऊ. साखळीची एक बाई मोबाइलवर डिझाइन घेऊन आली. तुळशी वृंदावन, साडेतीन सेंटीमीटर उंच, खाली मुलीचं नाव ‘श्रावणी’, जागा मनगटाच्या आतल्या बाजूला, अगदी घडीजवळ. पडद्यावर चिमटीने मोठं केलेलं ते चित्र देखणं होतं. मी आधी ते खऱ्या मापात कागदावर छापलं. ही पायरी कधीच वगळू नका, पडद्यावर सगळीच डिझाइनं तळहाताएवढी दिसतात. कागद हातभर लांब धरला तेव्हाच नावाची रेघोटी झाली होती, वय वाढायची वाट बघायलाच नको.

नाव ३ मिमी उंच होतं. देवनागरी अक्षरं छोट्या टॅटूत रोमन अक्षरांपेक्षा जास्त त्रास देतात, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले रोमन अक्षरं डोळ्यासमोर ठेवून दिलेले असतात. ‘णी’ बघा. ‘ण’च्या वाटीच्या दोन उभ्या रेघा, मग त्याचा काना, मग वेलांटीचा दांडा. चार उभ्या रेघा शेजारी शेजारी आणि डोक्यावर शिरोरेषा. या डिझाइनमध्ये त्यांच्यात ०.६ मिमी अंतर होतं. वरचा हिशेब लावा: ०.१ मिमी उरतं. म्हणजे पुढे तिथे एक काळी पट्टी. ‘व’च्या पोटात ०.९ मिमी मोकळं होतं, त्यातलं ०.४ उरलं असतं, पोट भरल्यासारखंच दिसणार. ‘श्र’मधली गाठ तर आधीच बंद झाल्यासारखी होती.

‘ण’च्या रेघांमध्ये दीड मिलिमीटर हवं तर अक्षर किती मोठं करावं लागेल? रेघेच्या मध्यापासून पुढच्या रेघेच्या मध्यापर्यंत १.१ मिमी होते, ते २ मिमी करायचे. जवळजवळ १.८ पट. म्हणजे अक्षराची उंची ३ वरून साडेपाच मिमी, आणि नावाची रुंदी १२ वरून साधारण २२ मिमी. रेघ मात्र वाढवायची नाही, ती ०.५च ठेवायची. संगणकावर चित्र ताणलं की रेघही जाड होते आणि सगळा फायदा जातो, म्हणून मोठं केल्यावर वरून नव्याने रेखाटायचं. ‘श्र’ची गाठ मोठी करूनही तंग राहत होती, ती मी उघडी ठेवली. वेलांटीची कमान शिरोरेषेपासून थोडी वर उचलली. सगळ्यात गर्दी ज्या अक्षरात, त्यावरून नावाचं माप ठरतं. मुलीचं नाव ‘रमा’ असतं तर बरंच लहान चाललं असतं.

वृंदावनाच्या पायाशी तीन आडव्या रेघा होत्या, मधे ०.८ मिमी. त्यातली एक काढली, उरलेल्या दोघींत दोन मिमी सोडले. पानांत शिरा होत्या, त्या सगळ्या काढल्या. पानंही निम्मी केली. पानाच्या टोकाकडे लक्ष द्या: दोन रेघा जिथे अरुंद कोनात मिळतात तो कोपरा आतून सगळ्यात आधी भरतो, आणि टोकदार पान ठिपक्यासारखं दिसू लागतं. तिथे रेघा जोडायच्याच नाहीत, टोकाला किंचित फट ठेवायची. डोळा ती जोडून घेतो.

हे सगळं गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. माझी रीत साधी आहे. ट्रेसिंग पेपर घ्यायचा, खऱ्या मापाच्या छापावर ठेवायचा, ०.५ मिमीच्या ड्रॉइंग पेनने एकदा गिरवायचं आणि दुसऱ्या कागदावर १ मिमीच्या पेनने. पेनाची रुंदी टोपणावर लिहिलेली असते. दोन कागद शेजारी ठेवले की बोलावं लागत नाही. त्या बाईने जाड पेनवालं ‘श्रावणी’ बघितलं आणि म्हणाली, “ताई, हे तर डाग पडल्यासारखं दिसतंय.”

मग तिने विचारलं, जे सगळेच विचारतात: मग रेघ आणखी बारीक काढा ना! एका सुईने, पाव मिलिमीटरची. हिशेबाने अंतर वाचतं, हे खरं. पण बारीक रेघेत शाईच कमी असते. कातडी बरी होताना ती तुटक होते, उन्हाने फिकटते, मग परत भरायला बसावं लागतं, आणि दुसऱ्यांदा तंतोतंत त्याच वाटेने सुई जात नाही. रेघ शेवटी जाडच होते. शिवाय एका सुईला हात फार स्थिर लागतो. नवशिक्याने ०.२५ मिमी जाडीच्या तीन सुयांच्या राउंड लायनरपासून सुरुवात करावी आणि डिझाइन त्या रेघेला झेपेल असं करावं.

एक फरक ओळखायला शिका. पहिल्या काही दिवसांतच रेघेच्या एका बाजूला निळसर सावली दिसली तर ते वयाने पसरणं नव्हे, सुई खोल जाऊन शाई चरबीत सांडलेली असते. ती सावली अधूनमधून, असमान असते. वयाचं रुंदावणं हळूहळू आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं होतं. पहिला दोष हाताचा. डिझाइन कितीही मोकळं केलं तरी तो सुटत नाही, आणि मनगटाच्या आतल्या पातळ कातडीवर तो लवकर होतो. बरं झाल्यावर रेघेचा निवाडा निदान महिना-दीड महिन्याने करावा, त्याआधी कातडी चकाकत असते.

जागेबद्दलही बोललो. मनगटाची घडी सतत दुमडते, घड्याळाचा पट्टा घासतो. चार बोटं वर, हाताच्या सपाट भागावर आलं तर तेच डिझाइन पुष्कळ चांगलं टिकतं. ती स्कूटरवरून रोज पणजीला जाते, म्हणजे हातावर रोज ऊन. बरं झाल्यावर सनस्क्रीन लावायला सांगितलं, आणि जखम भरेपर्यंत समुद्र, नदी, तळं काहीच नाही. बोटांच्या कडांवर नाव मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते, तिथे काही रेघा उडतात आणि उरलेल्या पसरतात, कुठलाही हिशेब चालत नाही.

शेवटी वृंदावन पाच सेंटीमीटर झालं, नाव २२ मिमी, आणि ही दोन्ही आली हाताच्या सपाट भागावर. तिला आधी थोडं मोठं वाटलं. मी स्टेन्सिल लावून आरशासमोर उभं केलं, ते पुसून जुन्या मापाचं लावलं, आणि ठरवायला एक दिवस दिला. स्टेन्सिलची जांभळी रेघ कागदावरच्या रेघेपेक्षा जाड उमटते, त्यामुळे सुई तिच्या मधोमध चालवायची, कडेने नाही. काम झाल्यावर बाजूला पट्टी ठेवून फोटो काढला आणि महिन्या-दीड महिन्याने परत यायला सांगितलं. ती आली तेव्हा त्याच कोनातून, त्याच पट्टीने ‘ण’च्या रेघांमधलं अंतर पुन्हा मोजून फोटोखाली लिहून ठेवलं. अशी वही प्रत्येकाने पहिल्या कामापासून ठेवावी, आणि त्यात स्थानिक गिऱ्हाइकांची पानं आधी भरावीत.