पोहून आल्यावर ताटावर तुटून पडताय? या चुका टाळा

पोहून आल्यावर जशी भूक लागते तशी धावून आल्यावर लागत नाही, कुणाही पोहणाऱ्याला विचारा. आणि कारण सगळे एकच सांगतात, कॅलरी जास्त जळतात ना! अहो, तसं नाहीये. धावताना अंग तापतं आणि तापलेल्या अंगाला थोडा वेळ खाणं नकोसं वाटतं. पाणी अंगातली उष्णता सतत ओढून घेतं, त्यामुळे व्यायाम होतो पण अंग तेवढं तापत नाही, आणि भूक तेवढी दबत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ११ जणांनी पाण्यात ४५ मिनिटं सायकल चालवली, एकदा ३३ अंशांच्या पाण्यात, एकदा २० अंशांच्या. ऊर्जा जवळपास सारखीच खर्च झाली, पण थंड पाण्यातून आल्यावर ४४ टक्के जास्त खाल्लं गेलं!

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे गारठलेल्या अंगाने खायला बसणं. आमच्या बॅचला एक नवा मुलगा होता, दोन महिने रोज यायचा आणि वजन दोन किलो वाढलं म्हणून वैतागला होता. एक दिवस मी नीट बघितलं. पाऊण तास पाण्यात, पण त्यातलं खरं पोहणं पंधरा मिनिटं, बाकी वेळ कडेला धरून उभा, म्हणजे जळल्या फार तर शंभर-सव्वाशे कॅलरी आणि गारठा मात्र पूर्ण पाऊण तासाचा. बाहेर आला तो दात वाजवत, ओला टॉवेल खांद्यावर तसाच, आणि पाच मिनिटांत तीन सँडविच आणि गोड ज्यूस संपवला. त्याला म्हटलं, खाणं तेच आण, फक्त आधी केस कोरडे कर, गरम पाण्याने आंघोळ कर, कोरडे कपडे घाल आणि वीस मिनिटं थांब. पहिल्याच दिवशी दीड सँडविच उरलं.

मी स्वतः बाहेर आल्या आल्या दोन ग्लास पाणी पिते, कारण पाण्यातही घाम येतो, फक्त तो कळत नाही. मग एक केळं आणि कपभर गरम दूध, आणि तासाभरात नेहमीचं जेवण, नेहमीएवढंच. बोटं अजून गार असतील आणि गरमगरम काहीतरी हवंसं वाटत असेल तर ती बहुतेक थंडी आहे. अंगात ऊब आल्यावरही पोट मागत असेल तर ती खरी भूक, तेव्हा खा.

घड्याळात दिसलेल्या कॅलरी बघून खाऊ नका, कडेला उभं राहिलेला वेळही त्यात धरला जातो.

उपाशीपोटी पोहू नका, तासभर आधी थोडं काहीतरी खा.

आणि लवकर बारीक व्हायचंय म्हणून पोहून झाल्यावर काहीच न खाणारे, त्यांचा मला खरंच राग येतो, कारण तेच संध्याकाळी दुप्पट खातात आणि मग पोहण्याला नावं ठेवतात. दीड-दोन तास जोरात सराव करणाऱ्यांना, किंवा त्याच दिवशी पुन्हा पाण्यात उतरणाऱ्यांना मात्र केळं-दूध पुरायचं नाही, त्यांनी अंग पुसलं की लगेच पोटभर जेवावं.