सभेतल्या चर्चेचे ठराव कसे लिहावेत

गृहनिर्माण संस्थेचं इतिवृत्त लिहायला बसलेल्या नव्या सचिवाला हमखास एक सल्ला मिळतो: "जे जे बोललं गेलं ते सगळं लिहून टाका, म्हणजे पुढे वांधे नकोत." वांधे नेमके त्यानेच होतात. सहा महिन्यांनी ठरावाची नक्कल बँकेत किंवा उपनिबंधक कार्यालयात जाते, तेव्हा समोरच्या माणसाला सभेत कोण चिडलं होतं याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त त्या एका ठरावाचा मजकूर दिसतो आणि तेवढ्यावरून निर्णय कळायला हवा. चर्चेचा परिच्छेद तिथे कामाचा नाही.

नोटीस, विषयपत्रिका, हजेरीच्या सह्या आणि गणपूर्ती ठीक आहेत असं धरतो. आधी विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक वेगळे ठेवा. एका विषयातून तीन ठराव निघू शकतात, आणि एखाद्या विषयात नुसतीच चर्चा होऊन ठराव निघतच नाही. तिथे "चर्चा झाली, निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब" एवढं लिहून पुढे जा.

आता खरं अवघड काम. नाशिकमधल्या कुठल्याही सोसायटीच्या वहीत सापडेल असा परिच्छेद नमुन्याला घेऊ:

"विषय क्र. ६ : गच्चीची गळती. वरच्या मजल्यावरील सभासदांनी पावसाळ्यात घरात पाणी येते असे सांगितले. सचिवांनी तीन कोटेशन वाचून दाखवली. फ्लॅट १०४ च्या सभासदांनी, आम्ही गच्ची वापरत नाही, वरच्यांनीच खर्च करावा, असे म्हटले. अध्यक्षांनी गच्चीची दुरुस्ती ही उपविधीनुसार संस्थेची जबाबदारी असल्याचे सांगितले. दुसरे कोटेशन ५,६०,००० रुपयांचे व दहा वर्षांच्या हमीचे असल्याने योग्य वाटले व ते मंजूर झाले. दुरुस्ती निधीतून तीन लाख घ्यावेत व उरलेली वर्गणी काढावी असे ठरले. काम पावसाळ्यापूर्वी व्हावे. समितीने योग्य ती कार्यवाही करावी."

वाचताना सगळं ठरल्यासारखं वाटतं. आता पेन्सिल घ्या आणि ज्या वाक्याने पैसा, काम किंवा अधिकार यांत काही बदल होतो, तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मारा. "सांगितले", "म्हटले", "योग्य वाटले" ही क्रियापदं ठरावाची नाहीत. रेघा तीन ठिकाणी पडतात: कोटेशनची मंजुरी, पैशांची सोय आणि समितीला दिलेला अधिकार. म्हणजे ठरावही तीन.

मग प्रत्येकाला विचारा: काय, किती, कशातून, केव्हापर्यंत, कोणी करायचं? इथेच हा परिच्छेद उघडा पडतो. ५,६०,००० जीएसटीसह की जीएसटी वेगळा? अठरा टक्के वर चढले, तर एक लाख आठशे रुपये कुठून आणायचे हा नवा तंटा. वर्गणी प्रत्येक फ्लॅटला सारखी की क्षेत्रफळाप्रमाणे? आदर्श उपविधींत मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळाच्या आधारे घ्यायचा असतो. नुसतं "वर्गणी काढावी" लिहिलंत, तर मोठ्या फ्लॅटवाला "सगळ्यांना सारखी" म्हणेल आणि छोटा क्षेत्रफळावर अडून बसेल. "पावसाळ्यापूर्वी" म्हणजे कोणती तारीख? ठेकेदार तर जूनच्या पहिल्या सरीलाही पावसाळा म्हणणार नाही.

उत्तरं मूळ टिपणांत, कोटेशनच्या कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये शोधा. आपल्या नमुन्यात कोटेशनवरच "करांसह" आहे. टिपणांत चौरस फुटाला दहा रुपये दर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखा, आणि वर्गणीच्या मतदानाचे आकडे सापडले. एकूण २६,००० चौरस फुटांचे २,६०,००० होतात, म्हणजे हिशेबही जुळला. हा गुणाकार ठराव लिहिण्याआधी करा. न जुळणारे आकडे लेखापरीक्षक सगळ्यात आधी पकडतो.

जे टिपणांतही नाही, ते घालायचं नाही. याबाबत मी हट्टी आहे. करारावर कोणी सही करायची हे सभेत ठरलं नसेल, तर "अध्यक्ष व सचिव" असं आपल्या मनाने लिहू नका. ते अधिकारातलं असेल तर समिती आपल्या सभेत ठरवेल, नाहीतर विषय पुन्हा सर्वसाधारण सभेपुढे जाईल. सभेने न घेतलेला निर्णय सुबक भाषेत लिहिला तरी तो सभेचा होत नाही, आणि तक्रार झाली तर पेन तुमच्या हातातलं असतं.

आता मजकूर:

ठराव क्र. ७ : असा ठराव करण्यात येतो की, सभेपुढे ठेवलेल्या तीन कोटेशनपैकी अ.क्र. २ चे, सर्व करांसह एकूण रु. ५,६०,०००/- (अक्षरी पाच लाख साठ हजार) रकमेचे व दहा वर्षांच्या हमीचे कोटेशन मंजूर करण्यात येत असून, त्यानुसार इमारतीच्या संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग दि. ३१ मे पर्यंत पूर्ण करून घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.

ठराव क्र. ८ : असा ठराव करण्यात येतो की, ठराव क्र. ७ मधील खर्चापैकी रु. ३,००,०००/- दुरुस्ती निधीतून खर्च करावेत व उर्वरित रु. २,६०,०००/- सर्व सभासदांकडून प्रति चौरस फूट रु. १०/- या दराने दि. ३१ जानेवारीपर्यंत वसूल करावेत. बाजूने ३१, विरोधात १ (फ्लॅट क्र. १०४), तटस्थ २. ठराव बहुमताने मंजूर.

ठराव क्र. ९ : असा ठराव करण्यात येतो की, ठराव क्र. ७ व ८ च्या अंमलबजावणीचे अधिकार व्यवस्थापक समितीस देण्यात येत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर.

प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. प्रत्यक्ष वहीत ठेकेदाराचं नाव, कोटेशनची तारीख आणि मुदतीचं वर्षही हवं.

तीन तुकडे का पाडले, हे १०४ च्या विरोधावरून कळतं. त्यांचा आक्षेप फक्त पैशांना होता. सगळं एकाच ठरावात कोंबलं असतं, तर गच्ची दुरुस्त करण्यालाच विरोध असल्याची नोंद झाली असती आणि एकमताने झालेली मंजुरीही बहुमताची ठरली असती. उलट, विरोध असताना "सर्वानुमते" लिहून टाकण्याची सवय काही सचिवांना असते. तो सभासद पुढे लेखी हरकत घेतो आणि मग वहीतल्या बाकीच्या ठरावांवरही शंका येते.

"शक्यतो", "लवकरात लवकर", "योग्य ती कार्यवाही" हे शब्द दिसले की खोडा. "वरीलप्रमाणे" सुद्धा. नक्कल एकटीच बाहेर जाते, तिच्यावर वरचं काही नसतं. म्हणून नेहमी ठराव क्रमांक लिहा. नववा ठराव देताना सातवा आणि आठवाही जोडावे लागतील, पण निदान कोणते जोडायचे ते कळेल.

एवढी शोधाशोध टाळायची असेल, तर विषय संपताना सभेतच ठरावाचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. दर आणि तारीख राहिली असेल तर कुणीतरी लगेच ओरडतं. लोक चहाकडे वळण्याआधी वाचा, नंतर कोणी ऐकत नाही.