चीनमधल्या टॅक्सी अ‍ॅपचा स्क्रीनशॉट समजावताना या चुका टाळा

आमचं दुकान मशीद बंदरला. माल बघायला घरातलं कोणी ना कोणी ग्वांगझूला जातंच, आणि तिथल्या टॅक्सी अ‍ॅपचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे येतात. मला कामापुरतं चिनी वाचता येतं. तरी सुरुवातीला मी शब्दांचा अर्थ बरोबर सांगायचो आणि तिकडे माणूस भलत्याच जागी उभा राहायचा.

मामा ग्वांगझू साउथ स्टेशनला उतरले तेव्हा असंच झालं. स्क्रीनवर होतं `司机已到达上车点`. मी कळवलं, "ड्रायव्हर आलाय." मामा साध्या टॅक्सीच्या रांगेत बॅगा घेऊन उभेच. शेवटची तीन अक्षरं मी सोडून दिली होती. `上车点` म्हणजे गाडीत बसायची ठरलेली जागा. मोठ्या स्टेशनांवर आणि विमानतळांवर अ‍ॅपच्या गाड्यांची जागा वेगळी असते. तिथे पाटीवर `网约车` लिहिलेलं असतं, साध्या टॅक्सीच्या पाटीवर `出租车`. गाडी तिकडे थांबली, फुकट थांबण्याची वेळ संपली आणि पुढचा स्क्रीनशॉट आला `已取消`, म्हणजे बुकिंग रद्द. आता मी लिहितो, "गाडी तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीच जा. `网约车` पाटी शोधा, मग नंबरप्लेट जुळवा." प्लेट हिरवी असली तर बिचकू नका, ती इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन हायब्रिड गाडी.

दुसरी चूक आकड्यांची. `前面还有12人` पाहून मामांना वाटलं, बारा मिनिटांत गाडी येईल. `人` म्हणजे माणसं. पुढे बारा जण रांगेत आहेत आणि ड्रायव्हर अजून मिळालेलाच नाही. मिनिटं असली तर आकड्यानंतर `分钟` येतं, किलोमीटर असले तर `公里`. `司机已接单`, म्हणजे ड्रायव्हरने बुकिंग घेतलं, असं दिसेपर्यंत बाहेर उन्हात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

अर्धाच कापलेला स्क्रीनशॉट मी परत पाठवतो, पूर्ण मागतो. वरच्या कोपऱ्यातली वेळ मला लागते. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे 20:10 दिसलं की इथे संध्याकाळचे ५.४० वाजलेले. माझ्या घड्याळात ५.५० झाले असतील तर तो फोटो दहा मिनिटं शिळा, त्यावरून सल्ला देण्यापेक्षा नवा मागवलेला बरा.

गाडीत बसताना ड्रायव्हर काहीतरी विचारतो. मामा घाबरून हॉटेलचं नाव सांगत बसले होते. तो विचारतो `尾号`, उच्चार साधारण "वेइ-हाओ": अ‍ॅपमध्ये नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. नंबर भारतातला असेल तर त्याचेच. आता मामा ते चार आकडे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवतात आणि दार उघडताच दाखवतात.