सीपीयू स्टॉप का झाला? डायग्नोस्टिक बफर वाचताना या चुका टाळा

शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागल, फाउंड्रीच्या सँड प्लांटवरून रात्री फोन येतो तो ठरलेल्या वाक्याने: "साहेब, पीएलसी बंद पडलाय. पण काळजी नको, पावर ऑफ-ऑन केलं की चालतंय की." या वाक्यातल्या दुसऱ्या भागाने पहिल्या भागाचं कारण पुसून टाकलेलं असतं, आणि पुढचे आठ दिवस पावर सप्लाय, अर्थिंग, पॅनेलमधली उष्णता असे सगळे निरपराध पकडले जातात.

खालचं सगळं मुख्यतः सीमेन्सच्या एस७-३०० आणि स्टेप ७ क्लासिकबद्दल आहे. जुन्या सँड प्लांटमध्ये हे सीपीयू अजून भरपूर आहेत. रॉकवेलवाल्यांसाठी थोडं शेवटी.

पहिली चूक: आधी रीस्टार्ट, मग लॅपटॉप

सीपीयू स्टॉपमध्ये असताना त्याच्याकडे दोन प्रकारचा पुरावा असतो. एक डायग्नोस्टिक बफर. तो पावर गेली तरी राहतो, मेमरी रीसेट केला तरी राहतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. दुसरा पुरावा Module Information मधल्या Stacks टॅबवर असतो. तिथल्या आय-स्टॅकमध्ये प्रोग्रॅम थांबला त्या क्षणी अॅक्युम्युलेटरमध्ये काय होतं, अॅड्रेस रजिस्टर कुठे बोट दाखवत होतं, कोणता डीबी उघडा होता हे सगळं गोठलेलं दिसतं. हे फक्त स्टॉपमध्येच मिळतं. की फिरवून रनमध्ये गेलात की गेलं.

बफर राहतो हेही अर्धंच खरं. बऱ्याच ३१५ सीपीयूवर रनमध्ये असताना मूळ सेटिंगप्रमाणे शेवटच्या १० नोंदीच दिसतात. एका पावर ऑफ-ऑनला चार-पाच नोंदी पडतात: पावर आली, वॉर्म रीस्टार्ट मागितला, स्टॉपमधून स्टार्टअप, स्टार्टअपमधून रन. ऑपरेटरने तीनदा ऑफ-ऑन केलं की खरी नोंद या दहांच्या खाली गेली. बाकीच्या बघायच्या तर सीपीयू पुन्हा स्टॉपला न्या, आणि चालू मोल्डिंग लाइनवर ते कोण करू देणार?

सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून केलेला मेमरी रीसेट. त्यानंतर डीबी मेमरी कार्डावरून पुन्हा भरले जातात, म्हणजे डाउनलोडच्या वेळच्या मूळ किमती येतात. सहा महिने घासून जुळवलेली बेंटोनाइटची आणि पाण्याची मापं त्या डीबीत असतील तर ती गेली. एवढं करून हातात काय, तर जो बफर तसाही राहणार होता तोच.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी मोबाइलने एलईडींचा फोटो. मग केबल लावून सिमॅटिक मॅनेजरमध्ये `Ctrl+D`, Diagnostic Buffer टॅब, आणि काहीही वाचायच्या आधी Save As करून फाइल ठेवायची. मग Stacks टॅबचे स्क्रीनशॉट. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. सुपरवायझर डोक्यावर उभा असला तरी तेवढी घ्यावीत, कारण ती वाचवली की तोच सुपरवायझर परवा पुन्हा तिथेच उभा असतो.

फोटोचा उपयोग लगेच होतो. पिवळा STOP पेटलाय पण लाल SF बंद आहे, तर बहुतेक वेळा माणसाने थांबवलेलं असतं. बफरमध्ये `16#4303` असेल तर मोड स्विच फिरवला गेला, `16#4304` असेल तर प्रोग्रॅमिंग लॅपटॉपवरून स्टॉप आला. अशा वेळी कार्ड बदलण्यापेक्षा सेकंड शिफ्टला लॅपटॉप घेऊन कोण आलं होतं ते गेटच्या रजिस्टरमध्ये बघावं.

दुसरी चूक: सगळ्यात वरची ओळ वाचून निकाल देणं

बफरमध्ये नवी नोंद वर असते. त्यामुळे पहिली ओळ हा परिणाम असतो, कारण तिच्या खाली असतं. `16#4562` वाचून "प्रोग्रॅमिंग एरर, प्रोग्रॅम करप्ट झालाय, पुन्हा डाउनलोड करा" असं सांगणारे दर महिन्याला भेटतात. ही नोंद एवढंच म्हणते, की प्रोग्रॅममध्ये चूक घडली, ती हाताळायला `OB121` नव्हता, म्हणून मी थांबलो. चूक कोणती, हे पुढच्या ओळीत असतं.

एका फाउंड्रीतल्या सँड मिक्सरचं उदाहरण घेऊ. आठवड्यातून एक-दोनदा सीपीयू स्टॉप व्हायचा, रीस्टार्ट केला की लगेच चालायचा. एसएमपीएस बदलून झाला, पॅनेलला पंखा बसवून झाला. शेवटी एकदा न हलवता बफर वाचला तेव्हा वरच्या दोन नोंदींचा गाभा असा होता:

```
1  16#4562  STOP caused by programming error
2  16#2522  Area length error when reading
            Global DB, double word access
            Access address: 400
            FC number: 12
```

दोन्हींची वेळ एकच. दुसरी नोंद सांगते: `FC12` ने कुठल्यातरी डीबीतून ४०० नंबरच्या बाइटपासून डबल वर्ड वाचायला घेतला, आणि तो डीबी तिथपर्यंत नाहीच. कोणता डीबी, हे आय-स्टॅकमधल्या डीबी रजिस्टरने सांगितलं: `DB20`, रेसिपीचा. दहा रेसिपी, प्रत्येकी ४० बाइट, एकूण ४००. म्हणजे बाइट ० ते ३९९. पत्ता काढायचं गणित होतं (रेसिपी नंबर − १) × ४०. त्यातून ४०० यायला रेसिपी नंबर ११ हवा. आणि अकरावी रेसिपी अस्तित्वातच नव्हती.

११ आला कुठून? एचएमआयवर नंबर टाकायच्या खिडकीला वरची मर्यादाच घातलेली नव्हती. १ दाबताना बोट दोनदा पडलं की झाले ११. आता रीस्टार्टने का चालायचं तेही उलगडतं. नंबर `MW 100` मध्ये होता, आणि तो भाग रिटेंटिव्ह केलेला नव्हता. वॉर्म रीस्टार्टला तो शून्य व्हायचा, शून्य असेल तर `FC12` बोलावलाच जात नव्हता, ऑपरेटर पुन्हा नंबर टाकायचा आणि या वेळी नीट टाकायचा. रीस्टार्टने दुरुस्ती होत नव्हती, पुरावा धुतला जात होता.

उपाय दोन ठिकाणी केला. एचएमआयच्या टॅगला १ ते १० मर्यादा, आणि `FC12` मध्ये पत्ता काढण्याआधी तपासणी:

```
L   MW 100
L   1
<I
JC  BAD
L   MW 100
L   10
>I
JC  BAD
```

`BAD` लेबलवर बॅच सुरू न करता अलार्म द्यायचा. नुसती एचएमआयची मर्यादा पुरत नाही. उद्या कोणी नवा पॅनेल बसवेल आणि मर्यादा घालायला विसरेल; सीपीयूने स्वतःचं रक्षण स्वतः करावं.

बफरमधल्या Open Block बटणाने थेट चुकीच्या ओळीवर जाता येतं, पण लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम आणि सीपीयूमधला प्रोग्रॅम एकच असेल तरच त्या जागेवर भरवसा ठेवा. आधी ब्लॉकची तुलना करून घ्यावी. "आपलाच प्रोग्रॅम आहे, तोच असणार" असं म्हणणाऱ्यांना भलत्याच ओळीकडे तासन् तास बघत बसलेलं पाहिलंय.

तिसरी चूक: रिकामा `OB121` टाकून मोकळं होणं

वरची केस कोणी "सोडवली" असती तर अशी: रिकामा `OB121` डाउनलोड केला, सीपीयू थांबायचा बंद, बिल दिलं. पण अकरावी रेसिपी तेव्हाही अस्तित्वात नसते. वाचन होत नाही, आणि पुढच्या वजनाच्या गणितात जे काही जातं ते कुठल्याच रेसिपीचं नसतं. मिक्सर चालू राहतो, वाळू बिघडते, आणि तक्रार चार दिवसांनी रिजेक्शनच्या रूपाने येते. वर, ती ओळ दर स्कॅनला चालणारी असेल तर बफर त्याच एका नोंदीने काही सेकंदांत भरतो आणि बाकी सगळं बाहेर ढकललं जातं.

`OB86` आणि `OB82` ची गोष्ट वेगळी. प्रोफिबसवरचं एखादं स्टेशन गेलं (`16#39C4`) म्हणून अख्खा प्लांट थांबू नये, यासाठी ते टाकावेतच. मात्र आत काहीतरी लिहा: कोणतं स्टेशन गेलं ते साठवा, त्यावर अवलंबून असलेल्या मोटरी बंद करा, अलार्म द्या.

चौथी: वॉचडॉग वाढवणं

`16#3501` म्हणजे स्कॅन ठरलेल्या वेळेत संपला नाही. मूळ मर्यादा १५० मिलिसेकंद. घाईतला माणूस ती थेट ६००० करतो. काल २० मिलिसेकंदात होणारा स्कॅन आज १५० च्या पुढे का गेला, हा प्रश्न तसाच राहतो. हमखास संशयित म्हणजे `LOOP`. त्याच्या काउंटरमध्ये शून्य गेला तर लूप शून्य वेळा चालत नाही, ६५ हजारांहून जास्त वेळा चालतो. काउंटर कुठून येतो ते आधी बघा.

पाचवी: वेळेवर आंधळा विश्वास

१९९४ सालच्या नोंदी दिसल्या तर सीपीयूचं घड्याळ कधी लावलेलंच नाही. एस७-१५०० वर वेळ यूटीसीत असते, त्यामुळे रात्री दोनचा स्टॉप आदल्या दिवशीच्या साडेआठचा दिसतो आणि भलत्याच शिफ्टला शिव्या बसतात. टीआयए पोर्टलमध्ये लॅपटॉपच्या स्थानिक वेळेत दाखवायचा चेकबॉक्स बफरच्या पानावरच आहे.

रॉकवेल असेल तर

लॉजिक्स कंट्रोलरमध्ये Controller Properties उघडून Major Faults टॅब बघा. तिथे टाइप, कोड, प्रोग्रॅम, रूटीन आणि लॅडरमधल्या ओळीचा, म्हणजे rung चा, नंबरसुद्धा मिळतो. वर सांगितलेला सँड मिक्सरचा आजार इथे टाइप ४ कोड २० म्हणून येतो: अॅरेचा इंडेक्स अॅरेपेक्षा मोठा. वॉचडॉग गेला तर टाइप ६ कोड १, मूळ मर्यादा ५०० मिलिसेकंद. टाइप ३ कोड १६ आला तर प्रोग्रॅम चाळू नका. जे मॉड्यूल तुटलं तर फॉल्ट द्यायचा असं ठरवून ठेवलंय, त्याचं कनेक्शन गेलंय. केबल, स्विच, त्या रॅकची पावर बघा.

आणि तो Clear Majors बटण. त्याच टॅबवर, हाताशी, म्हणून दाबायचा मोह होतो. आधी स्क्रीनशॉट घ्या, ती rung उघडा, त्या ओळीतल्या इंडेक्सची आत्ताची किंमत कागदावर लिहा. तेवढं झालं की खुशाल दाबा.