फूटपट्टी आणि दोऱ्याने डोंगराचं अंतर कसं काढावं

डोंगराची उंची माहीत असेल तर त्याचं अंतर काढायला एक फूटपट्टी, हातभर दोरा आणि नकाशा पुरतो. डोळ्यासमोर धरलेल्या पट्टीवर डोंगर जितके मिलिमीटर भरतो, त्यांचा डोळ्यापासून पट्टीपर्यंतच्या अंतराशी जो हिशेब, तोच डोंगराच्या खऱ्या उंचीचा त्याच्या अंतराशी. शाळेत शिकलेले समरूप त्रिकोण ते हेच.

आधी दोरा. पट्टीच्या मध्याला भोक पाडून तो बांधा आणि ५७ सेंटिमीटरवर गाठ मारा. ही गाठ डोळ्याच्या खाली गालाच्या हाडावर टेकवायची आणि दोरा ताणून पट्टी उभी धरायची. नुसता हात लांब केला तर कोपर कधी वाकतं, कधी खांदा पुढे सरकतो, आणि पाच-सहा टक्क्यांची चूक तिथेच होते. ५७ हा आकडा निवडण्यामागे एक सोय आहे: एवढ्या अंतरावरच्या पट्टीवर १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १ अंश. त्यामुळे उन्नत कोनही आपोआप वाचता येतो.

आता उंची. बहुतेक जण चुकतात ते इथे. नकाशावर माथ्याशी ९४० मीटर लिहिलेलं असतं, पण ती समुद्रसपाटीपासूनची उंची. आपल्याला हवी ती आपण उभे आहोत तिथपासूनची. समजा, नकाशातल्या समोच्च रेषांवरून आपली जागा ५८० मीटरवर आहे. मग हिशेबात धरायची उंची ३६० मीटर.

पट्टीचा शून्य कशावर ठेवायचा? मधली जमीन सपाट असेल आणि पायथा दिसत असेल तर पायथ्यावर. झाडांमुळे तो झाकला असेल किंवा डोंगर दरीपलीकडे असेल, तर शून्य आपल्या डोळ्याच्या पातळीत हवा. त्यासाठी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या, तिच्यात अर्धं पाणी भरून इंग्रजी यू अक्षरासारखी धरा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या कडा एका रेषेत येतील असं पाहा. ती रेष डोंगरावर जिथे लागते, तिथे शून्य. मोबाइलचा कोनमापकही चालतो, पण ३-४ अंशांच्या कोनात तो अर्धा अंश चुकला की अंतर १५ टक्क्यांनी हलतं. अशा लहान कोनांना मला नळी जास्त भरवशाची वाटते.

समजा, माथा ३४ मिलिमीटरवर आला. दोरा ५७० मिलिमीटर. मग

३६० × ५७० ÷ ३४ = ६०३५

म्हणजे अंतर साधारण ६ किलोमीटर. शेवटच्या ३५ मीटरवर विसंबू नका. वाचन ३३ किंवा ३५ असतं तर उत्तर ६.२ किंवा ५.९ किलोमीटर आलं असतं. एका मिलिमीटरची चूक इथे तीन टक्क्यांची आहे. डोंगर पट्टीवर १० मिलिमीटरच भरत असेल तर तीच चूक दहा टक्क्यांची होते. म्हणून चार-पाच वेळा वाचा आणि सरासरी घ्या.

आणखी एक गोष्ट. हे अंतर माथ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंतचं आहे, पायथ्यापर्यंतचं नाही. उतार पसरट असेल तर चढ एखाद-दोन किलोमीटर आधीच सुरू होईल. शिवाय जवळून पाहताना पुढचा खांदाच माथा वाटतो आणि खरं शिखर त्याच्यामागे दडलेलं असतं. नकाशाशी आकार जुळतो का ते पाहून घ्या. डोंगर ३० किलोमीटरवर असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण ६० मीटर उंची आपल्या पातळीखाली जाते, तेवढी वजा करून हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ६ किलोमीटरवर हा फरक तीनेक मीटरचाच असतो, तो सोडून द्या.

जहाजासाठी सूत्र तेच, पण पट्टी तोकडी पडते. मालवाहू जहाजावरच्या प्रमाणित कंटेनरची उंची साधारण २.६ मीटर, म्हणजे सहा थर सुमारे १५.५ मीटर. ४ किलोमीटरवर ते पट्टीवर जेमतेम २ मिलिमीटर दिसतात, त्यातून काय मोजणार? इथे आत मिल खुणा असलेली दुर्बीण हवी. एक मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. सहा थर ४ मिल भरले तर १५.५ × १००० ÷ ४, म्हणजे जवळपास ३.९ किलोमीटर. नंतर जहाजाचा तळ पाण्याला टेकलेला दिसतो का ते पाहा. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज ५ किलोमीटरच्या आसपास असतं. तळ क्षितिजाआड बुडालेला असेल तर जहाज त्यापलीकडे आहे, आणि ३.९ हे उत्तर आलं असेल तर थर मोजण्यात काहीतरी चुकलं आहे.