हेल्मेट होतं, पण डोक्यावर राहिलं नाही: या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझा आतेभाऊ स्कूटरवरून घसरला. घरापासून दुसरा चौक, वेग फार तर वीस, ओल्या रस्त्यात ड्रेनेजचं लोखंडी झाकण. स्कूटर एकीकडे, हा दुसरीकडे आणि हेल्मेट गडगडत थेट पानटपरीपाशी. डाव्या भुवईवर सहा टाके पडले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हेल्मेट नव्हतं का रे?" आणि हा वैतागून म्हणायचा, "होतं की!"

होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. शिवाय ते एक माप मोठं होतं. नंतर ते मी हातात घेऊन पाहिलं. बाहेरून खरचटलेलं, आतून कोरं करकरीत. म्हणजे त्याच्या डोक्याचा मार हेल्मेटनं खाल्लाच नव्हता.

पडताना एकच दणका बसतो अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. आधी गाडीचा झटका बसतो, मग खांदा किंवा ढुंगण आपटतं आणि त्यानंतर डोकं जमिनीवर येतं. हेल्मेट साधारण किलोभराचं असतं. पट्टा मोकळा असेल तर पहिल्याच झटक्यात ते डोक्यावरून निसटू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येही हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असंच म्हटलंय. पट्टा लोंबत ठेवून हिंडणारा कायद्याच्या लेखीही उघड्या डोक्याचाच.

"इथंच तर जायचंय, दूध आणायला" हे मीही म्हणत आलोय. म्हणून एकदा हिशोब केला. गाडीवर बसल्यावर डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून काहीही खाली पडलं की जमिनीला ते ताशी एकोणीस-वीस किलोमीटर वेगानं आदळतं. गाडी उभी असली तरी! सिग्नलला पाय घसरून आडवं झालात तरी आकडा जवळपास हाच. आत थर्माकोलचा जाड थर असतो तो यासाठीच. तो चेपत जातो आणि डोकं एकदम न थांबता त्या दोन-अडीच सेंटीमीटरमध्ये थांबतं. डोकं त्या थराला चिकटलेलं असेल, तरच.

म्हणजे सगळं मापावर येऊन ठेपतं, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. दुकानात आपण हेल्मेट घालतो, गालाला जरा आवळल्यासारखं वाटतं, लगेच "एक नंबर मोठं दाखवा." मीही तेच केलं होतं. आतेभावाचा प्रकार झाल्यावर बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप काढला. भुवयांच्या बोटभर वर, मागे डोकं जिथं सर्वांत फुगीर असतं तिथून फिरवून घेतला. साडेसत्तावन्न सेंटीमीटर. हेल्मेटच्या आतल्या लेबलवर माप बहुतेक मिलिमीटरमध्ये असतं: 560, 580, 600. मला 580 हवं होतं आणि मी पाच वर्षं 600 घालून फिरत होतो. हवा छान लागायची, हे मात्र खरं.

माप बरोबर आहे का, हे कळायला दोन मिनिटं पुरतात. हेल्मेट घाला, पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका आवळा. आता आरशासमोर मान डावी-उजवी हलवा. हेल्मेटसोबत गालाची नि कपाळाची कातडी ओढली गेली पाहिजे. हेल्मेट एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे असं होत असेल, तर ते सैल आहे. मग कोणाला तरी मागे उभं करा आणि हेल्मेटची मागची कड धरून पुढे उलटवायला सांगा. माझं 600 पट्टा लावलेला असतानाही सरळ नाकावर आलं आणि पुढच्या हिसक्याला मुलाच्या हातात. 580 जागचं हललं नाही.

नवं हेल्मेट गालाला घट्ट वाटतं, ते चालतं. आतला स्पंज काही आठवड्यांत बसतो. मात्र दहा-पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं, लाल वळ उठला, तर मोठं माप घेऊ नका. त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसऱ्या कंपनीचं घालून पाहा. गोल डोकं आणि लांबट डोकं यांना एकच साचा बसत नाही.

पुण्यात याला आणखी एक फाटा आहे: स्कार्फ. माझ्या बहिणीचं हेल्मेट मापाचं होतं, तरी मागून उलटवलं की सुटायचं. कारण मागे अंबाडा, त्यावर स्कार्फची गाठ. हेल्मेट या गाठोड्यावर टेकायचं, कपाळ मोकळं राहायचं आणि पट्टा गळ्याशी तिरका ओढला जायचा. आता ती वेणी मानेखाली सोडते, स्कार्फ पातळ घेते आणि गाठ मागे न मारता टोकं गळ्यापाशी खोचते. त्यानंतर तीच चाचणी पास. स्कार्फ रोज लागत असेल, तर दुकानातही स्कार्फ बांधूनच हेल्मेट घालून पाहा.

पट्ट्याचा खटका तुटला की गाठ मारून काम चालवणारे बरेच दिसतात. ती गाठ एकदा तरी हाताने जोरात ओढून बघा. खटका "टक्" वाजला तरी पट्टा हिसडून पाहायची सवय बरी, धुळीनं तो अर्धवट बसतो.

राहिली निगा. आरशाच्या दांड्यावर हेल्मेट अडकवणं हा आपला राष्ट्रीय रिवाज, पण त्या दांड्यानं आतला थर्माकोल त्याच एका जागी चेपत जातो. हुक नसेल तर सीटवर पट्ट्यानं अडकवा. डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, थर्माकोल त्यात विरघळतो. कोमट पाणी आणि थोडा शाम्पू पुरे. आणि एकदा डोक्यासकट आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला, कारण चेपलेला थर पुन्हा फुगत नाही.

नवं घेताना रस्त्याकडेच्या ढिगातलं आयएसआयचं चित्र पाहून भुलू नका, तो स्टिकर कोणीही छापतो. 1 जून 2021 पासून आयएसआय प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं बेकायदा आहे. खऱ्या मार्कच्या वर IS 4151 आणि खाली CM/L ने सुरू होणारा क्रमांक असतो. दुकानातच मोबाइलवर BIS Care ॲप उघडून तो क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव पुढे येतं. ते हेल्मेटवरच्या नावाशी जुळलं, की मगच पैसे द्या.

आतेभावानं नवं घेतलं ते असंच, टेप खिशात घालून. दुकानदार म्हणाला, "साहेब, जरा मोठं न्या, आरामात बसतं." हा म्हणाला, "आरामात बसणारं घरी आहे."