"मोटर चालंना" म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणता? हेल्पलाइनच्या मुलांना तयार करताना

सौर कृषिपंपाच्या हेल्पलाइनवर मराठवाड्यातून फोन येतो: "साहेब, मोटर चालंना गेली." नवा मुलगा कागदावरचं वाक्य वाचतो, "कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करा." शेतकरी म्हणतो, "केलं की." मुलगा तेच वाक्य पुन्हा वाचतो. इथे माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

शिकवताना सुरुवात एका नियमाने करा: तीन उत्तरं मिळेपर्यंत उपाय सांगायचा नाही. "दादा, तुम्ही आत्ता पंपाजवळ आहात की घरी?" हा पहिला प्रश्न. घरी असलेल्या माणसाला कंट्रोलरवरचे दिवे विचारून उपयोग नाही. शेतात गेल्यावर फोन करायची वेळ ठरवून घ्यावी. दुसरा, "कंट्रोलरच्या पडद्यावर काही दिसतंय का?" तिसरा, "अजिबात सुरू होत नाही, की सुरू होऊन बंद पडते?"

प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा हवा. "कंट्रोलर ठीक आहे ना?" याला "हो" एवढंच उत्तर येतं. "कोणत्या रंगाचा दिवा लागलाय?" याने माहिती मिळते.

सरावासाठी जोड्या लावा. एकाला शेतकरी करा आणि चिठ्ठीवर खरं कारण लिहून द्या. समजा, अंबड तालुक्यातली विहीर, मार्च महिना. पडदा चालू आहे, ऊनही चांगलं आहे. तिसऱ्या प्रश्नावर तो म्हणतो, "धा मिनिटं चालते, मग बंद पडायली. थोड्या वेळानं आपोआप सुरू होते." आता चौथा प्रश्न उत्तरातूनच निघतो: "काका, बंद पडायच्या आधी पाण्याची धार कमी होते का?" होत असेल, तर विहिरीतलं पाणी पंपाच्या खाली गेल्याची शक्यता मोठी. कोरडी चालून मोटर जळू नये म्हणून कंट्रोलर ती थांबवतो, पाणी साचलं की पुन्हा सुरू करतो. विहिरीत डोकावून पाणी कुठवर आहे ते सांगायला लावा, म्हणजे खात्री होते. अशा वेळी बंद-चालू करायला सांगणं व्यर्थ असतं.

उत्तर कळलं नाही, तर तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारू देऊ नका. आधी ऐकलेलं परत म्हणायचं, "म्हणजे सकाळी चालली, दुपारी थांबली, बरोबर?" आणि मग सोपा प्रश्न. रेकॉर्डिंग ऐकताना एकच वाक्य दुसऱ्यांदा आलं की तिथे थांबवा आणि मुलालाच पर्यायी प्रश्न सुचवायला सांगा. माझ्या मते शिकवण्याचा निम्मा वेळ यावरच जावा.

एका ठिकाणी मात्र हा क्रम मोडायचा. जळका वास, ठिणगी किंवा उघडी वायर असं कानावर आलं, की प्रश्न थांबवून "लांब व्हा, हात लावू नका" म्हणायचं. कंट्रोलर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या वायरीत वीज असते, म्हणून जोडण्या उघडायला कधीच सांगायचं नाही, तंत्रज्ञच पाठवायचा.

फोन संपल्यावर नोंदीत "मोटर बंद" एवढंच लिहू देऊ नका. "पडदा चालू, दहा मिनिटांनी थांबते, धार कमी होते" असं लिहिलेलं असलं, की पुढचा कर्मचारी पाचव्या प्रश्नापासून सुरू करू शकतो.